एकच कान वाजस : इयरफोनची पिन बदलताना तारा ओळखणं आणि मीटरवर तपासणं

प्रकरण चोपड्याकडच्या केळीच्या पट्ट्यातलं आहे. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला जाणाऱ्या एका तरुणाचा इयरफोन दुरुस्तीला आला. माइक आणि एक बटण असलेला, साडेतीन मिलिमीटर पिनेचा, साधा वायरचा इयरफोन. तक्रार एका वाक्यात होती : "भो, एकच कान वाजस. पिन दाबी धरी का दुसरा बी वाजस."

या वाक्यात निदान जवळजवळ झालेलंच आहे. पिन दाबून धरल्यावर आवाज येत असेल, तर कानातला स्पीकर जिवंत आहे आणि तार पिनेच्या आसपास तुटलेली आहे. फोन शर्टाच्या वरच्या खिशात उभा ठेवला की पिन वर येते आणि वायर तिथून लगेच खाली वळते. वाकताना, चालताना, व्हॉल्व्ह फिरवताना ते वळण दिवसभर हलत राहतं. पिनेच्या रबरी शेपटीच्या अगदी वरच्या टोकाला किंवा तिच्या आत एक-दीड सेंटिमीटरवर केसासारख्या तारा एकेक करून तुटत जातात. खान्देशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात वायरचं प्लास्टिक मऊ पडतं, पिनेवर घामाचं मीठ साचतं, आणि ही झीज आणखी लवकर होते.

तरीही "जवळजवळ" म्हटलं, कारण पिन कापण्याआधी मल्टिमीटर लावलंच पाहिजे. पिन कापल्यावर कळलं की तार माइकच्या डबीपाशी तुटली होती, तर काम दुप्पट होतं आणि चांगली पिनही वाया जाते.

आधी पिन वाचा

पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर पिनेला तीन भाग आहेत आणि इयरफोनला माइक नाही. तीन रेघा असतील तर चार भाग आहेत आणि माइक आहे. इथे तीन रेघा होत्या. पुढच्या बोलण्यासाठी या चार भागांना नावं देऊ : अगदी पुढचं टोक, मग पहिली कडी, मग दुसरी कडी, आणि वायरीकडचं बूड.

टोक म्हणजे डावा कान आणि पहिली कडी म्हणजे उजवा कान, हे सगळीकडे सारखं असतं. फरक मागच्या दोन भागांत आहे. सध्याच्या बहुतेक फोनमध्ये दुसरी कडी ग्राउंड, म्हणजे दोन्ही कान आणि माइक यांची समाईक तार, असते आणि बूड माइकचं असतं. या जोडणीला सीटीआयए म्हणतात. जुन्या काही फोनांत उलट होतं : दुसरी कडी माइक आणि बूड ग्राउंड. ती ओएमटीपी. आपल्या हातातला इयरफोन कोणत्या पद्धतीचा आहे हे बाहेरून दिसत नाही, ते मोजूनच कळतं.

बीपवर विसंबू नका

या कामात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू. मीटरवर कंटिन्युइटीची खूण असते, प्रोब एकमेकांना लावले की बीप वाजतो. बऱ्याच जणांच्या मनात बीप म्हणजे "थेट जोडलेलं" आणि शांतता म्हणजे "तुटलेलं". इयरफोनच्या बाबतीत हे चालत नाही.

इयरफोनच्या स्पीकरमध्ये बारीक तारेची कॉइल असते. तिचा रोध साधारण १६ ओहम किंवा ३२ ओहम असतो. मीटरचा बझर मात्र शून्यालाच वाजतो असं नाही. काही मीटर ३० ओहमच्या खाली वाजतात, काही स्वस्त मीटर ७० ओहमपर्यंत वाजतात. म्हणजे डाव्या कानाची तार आणि ग्राउंड यांवर प्रोब लावले तर मधल्या १६ ओहमच्या कॉइलमधूनही बीप येतो. डावी आणि उजवी तार घेतली तर दोन्ही कॉइल मिळून ३२ ओहम होतात, तिथेही अनेक मीटर वाजतात. शिकाऊ माणूस तिन्ही तारा एकमेकांशी वाजताना पाहून "सगळं शॉर्ट आहे" म्हणतो आणि चांगला इयरफोन बाजूला टाकतो. उलटही होतं : पिनेत खरोखर शॉर्ट असतो, बीप येतो, आणि तो "कॉइल बरोबर आहे" असं समजून पिन बंद करतो.

म्हणून नियम असा ठेवायचा. धातूचा एक तुकडा दुसऱ्या तुकड्याला जोडलेला आहे का, एवढंच पाहायचं असेल तेव्हा बीप वापरा. वाटेत स्पीकर किंवा माइक येत असेल तिथे मीटर २०० ओहमवर लावा आणि आकडा वाचा.

आकडा वाचण्याआधी प्रोबची टोकं एकमेकांना घट्ट लावून पाहा. इथे ०.६ आलं. हा प्रोबच्या वायरींचा स्वतःचा रोध, तो प्रत्येक मोजमापात मिसळलेला असणार. इथे ३ किंवा ४ दिसत असेल, किंवा आकडा नाचत असेल, तर प्रोबची वायर किंवा त्यांची मागची पिन सैल आहे, किंवा मीटरची बॅटरी उतरली आहे. ते आधी नीट करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे येतील. तुटलेली वाट असेल तर साध्या मीटरवर डावीकडे एकटा १ दिसतो, काही मीटरवर OL. तो १ ओहम नव्हे, मापाबाहेर गेल्याची खूण आहे.

कापण्याआधीची मोजणी

इयरफोन फोनमधून काढलेला असावा. पिन कोरड्या कपड्याने पुसून घ्यावी, कारण घामाचा थर असेल तर प्रोब नीट टेकत नाही.

टोक आणि दुसरी कडी : १७.० ओहम, स्थिर. डावा कान व्यवस्थित.

पहिली कडी आणि दुसरी कडी : नुसता १. पिनेजवळची वायर बोटाने एका बाजूला वाकवली की १७, मग ४०, मग परत १. उजव्या कानाची वाट तुटलेली आहे आणि तुटलेली टोकं वाकवल्यावर एकमेकांना टेकतात, हे यातून दिसतं.

पुढचा प्रश्न, तुटलंय ते पिनेपाशीच का? वायरीची बाकीची लांबी दोन बोटांच्या चिमटीत धरून पाच-पाच सेंटिमीटर पुढे सरकत हलवायची, नजर मीटरवर ठेवायची. माइकच्या डबीपाशी आणि वायर जिथे दोन कानांसाठी दुभागते तिथे विशेष लक्ष द्यायचं, कारण पिनेनंतर तुटायच्या जागा त्याच. इथे आकडा फक्त पिनेच्या शेपटीपाशीच हलला. म्हणजे पिन बदलून काम होणार.

दुसरी कडी आणि बूड : २०० ओहमवर १ दिसला, पण बटण दाबल्यावर २.४. हा शब्दांपेक्षा बोलका आकडा आहे. माइकच्या बटणाचं काम एवढंच असतं की दाबल्यावर माइकची तार ग्राउंडला थेट जोडायची. तेव्हा या दोन भागांत एक माइक आणि एक ग्राउंड आहे, आणि दोन्हींच्या तारा शाबूत आहेत. डाव्या कानाची वाट आपल्याला दुसऱ्या कडीवर मिळाली होती, म्हणून ग्राउंड दुसरी कडी आणि माइक बूड. इयरफोन सीटीआयए निघाला.

कुठे काय तुटलं हे याच चार मोजमापांतून कळतं. इथे उजवी तार तुटली होती. ग्राउंडच तुटलं असतं तर टोक आणि पहिली कडी यांच्यात ३२ च्या आसपास आकडा आला असता, पण दोघांचाही दुसऱ्या कडीशी संबंध दिसला नसता. त्या वेळी गिऱ्हाईकाची तक्रारही वेगळी असते : "गाणं वाजतंय, पण गाणाऱ्याचा आवाजच नाही, नुसती वाद्यं लांबून ऐकू येतात." ग्राउंड नसलं की दोन्ही स्पीकर एकापुढे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्या बाजूंतला फक्त फरक वाजतो. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून नेमका तोच नाहीसा होतो.

जुनी पिन फेकू नका

पिनेपासून चार सेंटिमीटर वर वायर कापली. मुद्दाम चार, कारण शेपटीच्या वर दोन-अडीच सेंटिमीटर चांगली वायर पिनेकडच्या तुकड्यावर राहिली पाहिजे. हा तुकडा म्हणजे या इयरफोनचा नकाशा आहे. कोणत्या रंगाची तार पिनेच्या कोणत्या भागाला जाते हे तो सांगतो, आणि इथे मध्ये स्पीकर नसल्यामुळे बीपवर विश्वास ठेवता येतो.

बाहेरचं प्लास्टिक काढताना ब्लेड वायरीभोवती दाबून फिरवू नका, आतल्या तारा चटकन कापल्या जातात. ब्लेडने नुसती हलकी रेघ मारा, त्या जागी वायर वाकवा म्हणजे प्लास्टिक फाटतं, मग नखाने ओढून काढा. आत चार झुपके मिळाले : लाल, निळा, हिरवा आणि सोनेरी. प्रत्येक झुपक्यात केसाहून बारीक तांब्याच्या तारा आणि त्यांच्याबरोबर पिळलेला तंगूसासारखा पांढरा धागा. धागा ताकदीसाठी असतो, वीज त्यातून जात नाही.

तारांवरचा रंग म्हणजे वार्निश, आणि ते विजेला अडवतं. सोनेरी तारही बहुतेक वेळा बिनरंगी वार्निशमध्ये बुडवलेली असते, उघडं तांबं नसतं. प्रोब नुसता टेकवला तर काहीही वाजत नाही आणि माणूस समजतो की सगळंच तुटलंय. म्हणून आधी चारही टोकांवर सोल्डर चढवावं लागतं. ते कसं, हे पुढे आहे.

सोल्डर चढवल्यावर जुन्या पिनेशी जुळवणी केली. निळी तार टोकाशी वाजली, ०.७. सोनेरी दुसऱ्या कडीशी. हिरवी बुडाशी. लाल कशाशीच वाजली नाही, वायर वाकवल्यावर मात्र पहिल्या कडीशी क्षणभर वाजली. तुटलेली तार तीच.

इथे रंगांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. लाल म्हणजे उजवा आणि सोनेरी म्हणजे ग्राउंड हे बऱ्याच इयरफोनांत खरं असतं. हिरव्याचा मात्र भरवसा नाही. कितीतरी इयरफोनांत हिरवी तार डाव्या कानाची असते. या इयरफोनात ती माइकची होती आणि डावा कान निळा होता. सवयीने हिरवी तार टोकाला जोडली असती तर डावा कान मुका झाला असता आणि समोरच्याला बोलणंही ऐकू गेलं नसतं. काही इयरफोनांत सोनेरी झुपके दोन असतात, दोन कानांची ग्राउंड वेगवेगळी, त्यातल्या एकात हिरवी किंवा लाल रेघ पिळलेली असते. ते दोन्ही एकत्र करून ग्राउंडला जोडायचे, पण कोणत्या कानाचं कोणतं हे आधी ओळखून घ्यायचं. एका कानाची तार आणि त्याचं ग्राउंड यांची अदलाबदल झाली तर दोन्ही कान वाजतात, तरीही ढोलाचा जोर हरवतो आणि आवाज डोक्याच्या मध्ये न येता विखुरतो.

पिन हरवली असेल तर

काही जण पिन आधीच कापून टाकलेला इयरफोन घेऊन येतात. तेव्हा नकाशा नसतो, आणि तारा निव्वळ आकड्यांवर ओळखाव्या लागतात. या प्रकरणात नकाशा होता, तरी इयरफोनकडच्या बाजूने हीच पडताळणी केली. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की चूक राहत नाही.

इयरफोनकडच्या चार टोकांवर सोल्डर चढवून, २०० ओहमवर, एकेक जोडी घेतली. सोनेरी आणि लाल : १७.१. सोनेरी आणि निळी : १६.९. लाल आणि निळी : ३२.६. हिरवी कोणाशीही लावली तरी १.

आता या आकड्यांचा अर्थ लावू. ज्या तारेचा इतर दोघींशी आकडा लहान येतो आणि त्या दोघींचा आपसात साधारण दुप्पट येतो, ती समाईक तार, म्हणजे ग्राउंड. इथे ती सोनेरी. उरलेल्या दोन कानांच्या. बेरीज तंतोतंत येत नाही हे पाहून गोंधळू नका : १७.१ आणि १६.९ मिळून ३४.० होतात, मीटरने दाखवले ३२.६. पहिल्या दोन मोजमापांत प्रोबचे ०.६ दोनदा धरले गेले आणि ग्राउंडच्या लांब तारेचा रोधही दोनदा आला. लाल-निळ्या मोजमापात प्रोबचे ०.६ एकदाच येतात आणि ग्राउंडची तार वाटेत येतच नाही. एक-दोन ओहमची तफावत यातूनच येते. तफावत पाच-सात ओहम असेल, तर मात्र कुठेतरी तार अर्धवट तुटलेली आहे.

डावा कान कोणता आणि उजवा कोणता, हे आकडा सांगत नाही, दोन्ही सारखेच. ते कानाने ऐकायचं. इयरफोन कानात घालून मीटर २०० ओहमवरच ठेवायचं, एक प्रोब सोनेरी तारेवर धरायचा आणि दुसरा लाल तारेवर टेकवायचा-उचलायचा. मीटर मोजण्यासाठी थोडासा प्रवाह सोडतं, त्याने प्रत्येक वेळी स्पीकरमध्ये बारीक टक् असा आवाज येतो. लाल तारेवर टक् उजव्या कानात आला. हीच युक्ती उलटही कामाला येते : आकडा बरोबर येतो पण टक् ऐकू येत नाही, तर स्पीकरचा पडदा अडकलेला आहे आणि पिन बदलून काही होणार नाही.

राहिली हिरवी. माइकच्या आत एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, म्हणून ग्राउंडशी त्याचा रोध शेकड्यांत किंवा हजारांत येतो आणि प्रोब उलटसुलट केल्यावर आकडा बदलू शकतो. २००० ओहमवर हिरवी-सोनेरीने १३०० च्या आसपास दाखवलं. तुमच्या मीटरवर दुसराच आकडा येईल, त्याला महत्त्व देऊ नका. पुरावा बटणाचा : मीटर २०० वर, बटण दाबलं, हिरवी-सोनेरी २.३ वर आली, सोडलं की परत १. आवाज कमी-जास्त करायची बटणंही असतील, तर ती दाबल्यावर शून्याजवळ न येता साधारण २४० आणि ४७० ओहमच्या आसपास आकडे दिसतात, कारण अँड्रॉइड फोन त्या रोधावरूनच कोणतं बटण दाबलं ते ओळखतो. ते पाहायला मीटर २००० वर घ्यायचं, आणि समांतर असलेल्या माइकमुळे आकडा थोडा कमी दिसला तर ते ठीकच आहे.

वार्निश काढून सोल्डर चढवणं

२५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते. सोल्डर वायर ६०/४० ची, जितकी बारीक मिळेल तितकी, आणि राळ. डबीत मिळणारी चिकट पेस्ट चालते, पण काम झाल्यावर ती स्पिरिटने नीट पुसली पाहिजे, नाहीतर केसासारख्या तारा काही महिन्यांत हिरव्या पडून तुटतात.

आधी झुपक्यातला पांढरा धागा सुईने वेगळा करून मुळाशी कापा. तो राहिला तर वितळून गोळा होतो आणि सोल्डर त्याच्यावरून घसरतो. तारा पिळून एकत्र करा, टोकाचे चार मिलिमीटर राळेत बुडवा. इस्त्रीच्या टोकावर सोल्डरचा ताजा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्या थेंबाच्या आत तीन-चार सेकंद धरून ठेवा. थोडा धूर निघतो, वार्निश जळून बाजूला होतं, आणि सोल्डर तारेवर चढत जातो. टोक चांदीसारखं चमकलं की झालं. रंग अजून दिसतोय आणि सोल्डर थेंबासारखा लटकतोय, तर वार्निश निघालेलं नाही, परत करा. हा धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकीजवळ बसा.

काडीपेटीने किंवा लायटरने वार्निश जाळायची पद्धत सगळीकडे दिसते. ती झटपट वाटते, पण तांबं काळं पडतं, काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, आणि इतक्या बारीक तारा जळून ठिसूळ होतात. पॉलिश पेपरनेही घासू नका, वार्निशच्या आधी ताराच तुटतात.

नवी पिन जोडणं

चार भागांची, सोल्डर करता येणारी, स्क्रूच्या टोपीची पिन घेतली. तिच्या मागे चार पट्ट्या असतात, त्यांतली एक लांब असते आणि तिच्या शेवटी वायर आवळायचे दोन कान असतात. प्रत्येक पट्टी पिनेच्या कोणत्या भागाला जाते हे मीटरने पाहून कागदावर लिहून ठेवा. इथे बीप पुरतो. वेगवेगळ्या बनावटीत पट्ट्यांचा क्रम बदलतो, म्हणून चित्रावरून अंदाज बांधू नका.

कान असलेली लांब पट्टी बुडाची असते. माइक नसलेल्या तीन भागांच्या पिनेत बूड म्हणजे ग्राउंड, त्यामुळे हात आपसूक सोनेरी तार त्या मोठ्या पट्टीवर लावतो. या इयरफोनात बूड माइकचं आहे. सोनेरी तार तिथे गेली आणि हिरवी दुसऱ्या कडीवर, तर फोनच्या दृष्टीने स्पीकरचं ग्राउंड नाहीसं होतं, आणि वर सांगितलेलीच तक्रार येते : गायकाचा आवाज गायब. ओळखायची खूण पक्की आहे. बटण दाबून धरलं की गाणं पूर्ण वाजायला लागतं, सोडलं की परत पोकळ. कारण बटण माइक आणि ग्राउंड जोडून देतं आणि तेवढ्या वेळापुरती वाट मिळते. अशी तक्रार आली तर बाकी काही न उघडता सोनेरी आणि हिरवी तार अदलाबदल करा.

सोल्डर करण्याआधी पिनेची टोपी, तिच्यातली प्लास्टिकची नळी आणि दोन सेंटिमीटर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, वायरीवर ओवून घ्या. नंतर ओवता येत नाही, चारही जोड परत सोडवावे लागतात.

पिनेच्या आत भागांना वेगळं ठेवणारं प्लास्टिक असतं. पट्टीवर इस्त्री जास्त वेळ राहिली तर ते मऊ पडतं, टोक हलायला लागतं किंवा कड्या आत एकमेकींना टेकतात. यावर उपाय म्हणून पिन एखाद्या जुन्या, निकामी सॉकेटमध्ये खोचून ठेवायची. सॉकेट तिला सरळ धरतं आणि थोडी उष्णताही ओढून घेतं. पट्टीवर आधी सोल्डरचा पातळ थर द्या, मग तार त्यावर ठेवून इस्त्री दीड-दोन सेकंद लावा आणि उचला. आतल्या लहान पट्ट्या आधी, बुडाची शेवटी. निळी टोकाच्या पट्टीवर, लाल पहिल्या कडीच्या, सोनेरी दुसऱ्या कडीच्या, हिरवी बुडाच्या. जोडाबाहेर सुटलेला एकही तांब्याचा केस ठेवू नका. माइक आणि ग्राउंड यांच्यामध्ये असा एक केस टेकला तर फोनला वाटतं की बटण दाबलंय, आणि गाणं आपोआप थांबतं, चालू होतं, आलेला कॉल कापला जातो.

लांब पट्टीचे कान वायरीच्या बाहेरच्या प्लास्टिकवर आवळायचे, आतल्या तारांवर नाही. ओढ प्लास्टिकवर आली पाहिजे, जोडावर नाही. पक्कडीने इतकंच दाबा की वायर सरकणार नाही. जास्त दाबलं तर कान प्लास्टिक कापून आतल्या तारांना शॉर्ट करतात. वायर बारीक असेल तर आधी त्या जागी हीट श्रिंकचा छोटा तुकडा चढवून मग आवळा.

टोपी लावण्याआधी आणि नंतर

टोपी उघडी असताना नव्या पिनेवर पहिल्यासारखीच मोजणी केली. टोक आणि दुसरी कडी १७.०, पहिली आणि दुसरी कडी १७.२, टोक आणि पहिली कडी ३२.७. दुसरी कडी आणि बूड २०० वर १, बटण दाबल्यावर २.४. शेजारच्या कोणत्याही दोन भागांत, बटण न दाबता, शून्याजवळचा आकडा दिसला तर तिथे शॉर्ट आहे. बीपवर हे कळलं नसतं, कारण १७ लाही तो वाजतो आणि शून्यालाही.

आकडे बरोबर आल्यावर प्लास्टिकची नळी पट्ट्यांवर सरकवून टोपी फिरवली, हीट श्रिंक टोपीच्या मागच्या तोंडापासून वायरीवर दीड सेंटिमीटर येईल असा बसवला. मग मोजणी परत, या वेळी वायर चारही बाजूंना वाकवत. टोपी घट्ट करताना तारा पिळल्या जातात, धातूची टोपी बुडाशी जोडलेली असते, आणि नळी नीट बसली नसेल तर एखादी पट्टी टोपीला टेकते. बंद करताना झालेला दोष फक्त या दुसऱ्या मोजणीतच सापडतो.

शेवटी आधी एखाद्या जुन्या फोनमध्ये लावून पाहा. एकच माणूस बोलतोय असं रेकॉर्डिंग ऐका, आवाज मधोमध आला पाहिजे. मग माइकवर एक ओळ बोलून रेकॉर्ड करा, बटणाने गाणं थांबवून पाहा.

हीच पद्धत टाइप-सी पिनेच्या इयरफोनला चालत नाही. त्यांच्यातल्या बऱ्याचशांच्या पिनेत आवाज तयार करणारी चिप असते, आणि ती पिन कापली की चिपही गेली.

दुरुस्तीनंतर एक तक्रार येऊ शकते : दोन्ही कान वाजतात, पण एक हळू. तेव्हा लगेच पिन उघडू नका. दोन्ही बाजूंचे आकडे घ्या. १७.० आणि १७.२ सारखा फरक कानाला कळत नाही. एका बाजूला २५-३० दिसत असतील तर त्या बाजूचा जोड कच्चा आहे, तो तापवून नवा करा. आकडे सारखे असतील, तर हळू वाजणाऱ्या बाजूची रबरी टोपी काढून जाळी उजेडात पाहा. कानातला मळ किंवा शेतातली बारीक धूळ जाळीवर बसलेली असते. जाळीचं तोंड खाली धरून मऊ ब्रशने साफ करायची, म्हणजे कचरा आत पडत नाही. सुई आत घालायची नाही, पडदा जाळीच्या लगेच मागे असतो.